चेहराबदल संमतीपत्र : साडीच्या जाहिरातीसाठी

पुणे, बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, तीन प्रतींत.

हे संमतीपत्र तिघांमध्ये आहे. जिचं शरीर, हात आणि साडी नेसण्याची ढब फोटोत राहणार आहे, ती ‘मूळ मॉडेल’. जिचा चेहरा त्या फोटोवर येणार आहे, ती ‘चेहरा देणारी’. आणि एरंडवण्यातला आमचा फोटो स्टुडिओ, म्हणजे ‘आम्ही’. हे पत्र एडिटरला, साडीच्या दुकानाला आणि फ्लेक्स छापणाऱ्यालाही दाखवावं लागतं. म्हणून दोघींची नावं, पत्ते आणि ओळखपत्रांच्या प्रती यात घातलेल्या नाहीत. त्या वेगळ्या सीलबंद पाकिटात, दोघींच्या सह्यांसह, स्टुडिओच्या कपाटात राहतील.

सही करण्याआधी हे पत्र दोघींना मोठ्याने वाचून दाखवलं आहे. वाचताना थांबवून प्रश्न विचारायला पुरेसा वेळ दिला आहे.

हे वेगळं पत्र कशासाठी

आमच्या जुन्या मॉडेल रिलीजमध्ये, म्हणजे मॉडेलकडून घेतल्या जाणाऱ्या परवानगीपत्रात, एक ओळ होती : ‘फोटोत आवश्यक ते फेरफार करण्यास माझी हरकत नाही.’ त्या ओळीखाली आम्ही वर्षानुवर्षं सह्या घेतल्या. मग एका ग्राहकाने त्याच ओळीवर बोट ठेवून एका मुलीचा चेहरा काढला आणि दुसरीचा बसवला. स्वारगेटजवळच्या होर्डिंगवर त्या मुलीच्या आईने कोपराजवळची भाजल्याची खूण ओळखली. मुलीला कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. ती चूक आमची होती. ‘फेरफार’ या शब्दात उजेड वाढवणं, मागची वायर पुसणं, सुरकुती सारखी करणं बसतं. माणूस बदलणं त्यात बसत नाही. म्हणून ती ओळ आम्ही काढून टाकली आहे, आणि ९ सप्टेंबर २०२५ च्या शूटच्या वेळी घेतलेल्या रिलीजमध्ये ती असली, तरी या कामासाठी तिचा आधार घेणार नाही.

मूळ मॉडेलची संमती

मी ९ सप्टेंबर २०२५ रोजी दिवाळीच्या जाहिरातीसाठी पैठणी नेसून शूट केलं. त्यातले ०११७, ०१३४, ०१५८ आणि ०२०३ हे चारच फोटो लक्ष्मी रोडवरच्या त्याच साडीच्या दुकानाच्या गुढीपाडव्याच्या जाहिरातीसाठी वापरायला आणि त्यांतला माझा चेहरा काढून दुसरा बसवायला मी संमती देते. बाकीच्या फोटोंना ही संमती लागू नाही.

माझा चेहरा निघाला तरी शरीर माझंच राहतं, हे सगळ्यांनी मान्य केलं आहे. माझ्या डाव्या मनगटावर टाक्यांची खूण आहे आणि मानेवर तीळ आहे. ही खूण आणि तीळ दोन्ही तसेच ठेवायचे, असं मी ठरवलं आहे. माझा रंग उजळ करायचा नाही. कंबर, दंड, छाती यांचा आकार बदलायचा नाही. पदर जिथे आहे तिथेच राहील.

चेहरा बदलला म्हणून माझं मानधन कमी होणार नाही. मूळ शूटचे १८,००० रुपये मला मिळाले आहेत. या नव्या वापराचे ९,००० रुपये आज, सही करण्याआधी, माझ्या खात्यावर जमा झाले आहेत. मी नकार दिला असता तरी जुन्या मानधनाला किंवा पुढच्या कामाला धक्का लागला नसता, असं मला स्टुडिओने साक्षीदारासमोर सांगितलं आहे.

चेहरा देणारीची संमती

माझं वय १८ पूर्ण आहे. माझे वेगवेगळ्या कोनांतून काढलेले १४ फोटो फक्त वर सांगितलेल्या चार फोटोंवर चेहरा बसवण्यासाठी मी देत आहे. त्याचे २२,००० रुपये मला मिळाले आहेत. ज्या शरीरावर माझा चेहरा येणार आहे, ते फोटो मी आधी पाहिले आहेत, आणि मूळ मॉडेलची संमती वाचली आहे.

माझ्या चेहऱ्यावरून कुठलंही एआय मॉडेल शिकवायचं नाही, चेहऱ्याचा साचा तयार करून पुढच्या कामासाठी ठेवायचा नाही, हलता व्हिडिओ किंवा आवाज बनवायचा नाही. काम संपल्यावर १५ दिवसांत ते १४ फोटो आणि त्यांपासून तयार झालेल्या मधल्या फाइल्स स्टुडिओ आणि एडिटर दोघांच्याही संगणकांवरून पुसायच्या. पुसल्याचं मला लेखी कळवायचं.

वापर कुठे, किती दिवस

१ मार्च ते ३१ मे २०२६. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधली सहा होर्डिंग, दुकानातली पोस्टर, एक मराठी वर्तमानपत्र आणि दुकानाचं इन्स्टाग्राम खातं. मुदत आणि क्षेत्र मुद्दाम लिहिलं आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि क्षेत्र लिहिलं नाही तर सगळा भारत. पाडव्याच्या एका जाहिरातीसाठी हे फारच जास्त झालं. दुकानाला आम्ही दिलेला फोटोचा हक्कही याच तारखांपुरता आहे.

दुसरं दुकान, दुसरी वस्तू, राजकीय प्रचार, विवाहसंस्था, गोरेपणाची क्रीम, अंतर्वस्त्रं किंवा दारू यांच्या जाहिरातीत हे फोटो जाणार नाहीत. प्रत्येक जाहिरातीवर, होर्डिंगवरसुद्धा, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत ‘चेहरा डिजिटल पद्धतीने बदलला आहे’ ही ओळ असेल.

पाहून मगच होकार

तयार झालेला प्रत्येक फोटो दोघींना होर्डिंगच्या आकारात मोठा करून दाखवला जाईल. मोबाइलच्या पडद्यावर मान आणि हनुवटी जिथे जुळते ती रेघ दिसत नाही, मोठ्या आकारात दिसते. तीन दिवसांत दोघींनी फोटोच्या क्रमांकासह होकार लिहून कळवायचा. उत्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ नकार. दोघींपैकी एकीनेही नकार दिला तर तो फोटो छापला जाणार नाही, आणि पैसे परत मागितले जाणार नाहीत.

संमती मागे घेणं

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ सांगतो की संमती मोकळी, नेमकी, समजून दिलेली असावी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं असावं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून संमतीची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आम्ही ती लागू होण्याची वाट न पाहता हे आजपासून पाळतो. दोघींपैकी कुणीही स्टुडिओला व्हॉट्सअॅपवर ‘माझी संमती मागे घेते’ एवढं लिहिलं की पुरे. कारण देण्याची गरज नाही. इन्स्टाग्रामवरची जाहिरात २४ तासांत, होर्डिंग आणि पोस्टर ७ दिवसांत उतरतील. छापून गेलेलं वर्तमानपत्र परत आणता येत नाही, ते आधीच सांगून ठेवतो. तोवर झालेल्या वापराचं मानधन दोघींकडेच राहील.

आमच्याकडून यातली अट मोडली, तर वापर लगेच थांबेल आणि जिची अट मोडली तिला तिच्या या कामाच्या मानधनाच्या दुप्पट रक्कम ३० दिवसांत दिली जाईल. त्याने तिचा कायदेशीर दाद मागण्याचा हक्क जात नाही. वाद पुण्याच्या न्यायालयात चालेल.

एक प्रत मूळ मॉडेलकडे, एक चेहरा देणारीकडे, एक स्टुडिओत. मूळ मॉडेलने आपल्या प्रतीवर ‘तीळ ठेवायचा’ हे शब्द स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून घेतले आहेत आणि त्याखाली तिघांनी सह्या केल्या आहेत.