स्मरणिका समितीची ऑनलाइन बैठक : रविवार, १८ जानेवारी २०२६, सायंकाळी ७ वाजता

सर्व समिती सदस्यांना नमस्कार.

आपल्या तुकडीच्या स्मरणिकेसंबंधीची दुसरी बैठक रविवार, १८ जानेवारी २०२६ रोजी सायंकाळी ठीक ७ वाजता, भारतीय वेळेनुसार, गूगल मीटवर होईल आणि ७ वाजून ४५ मिनिटांनी संपेल. बैठकीची लिंक अशी :

https://meet.google.com/tqv-hmke-rsw

मागच्या वेळी मी लिंक एका संदेशात, वेळ दुसऱ्यात आणि बदललेली वेळ तिसऱ्यात पाठवली होती, त्यामुळे बैठक सुरू झाल्यावरही गटात "लिंक कुठे आहे?" हा प्रश्न येत राहिला, त्यात विचारणाऱ्यांची चूक नव्हती. या वेळी सर्व माहिती याच एका संदेशात आहे. हा संदेश मी गटात सात दिवसांसाठी पिन करत आहे, म्हणजे खाली कितीही संदेश आले तरी तो गप्पांच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवताच सापडेल. वेळेत किंवा लिंकमध्ये बदल करावाच लागला, तर हा संदेश काढून नवा पूर्ण संदेश पिन केला जाईल. म्हणून पिन केलेला संदेश तेवढा अंतिम समजावा आणि तो इतरत्र पाठवू नये.

परदेशातील सदस्यांसाठी त्याच दिवसाच्या स्थानिक वेळा देत आहे : दुबईत सायंकाळी ५:३०, लंडनमध्ये दुपारी १:३०, सिंगापूरमध्ये रात्री ९:३० आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळी ८:३०. जानेवारीत लंडन व न्यूयॉर्क येथे उन्हाळी वेळ लागू नसते. ज्यांच्या मनात मागच्या ऑगस्टमधील बैठकीचा हिशेब पक्का बसला आहे, त्यांनी या दोन शहरांसाठी तो एक तासाने चुकेल हे कृपया लक्षात घ्यावे.

बैठकीत येण्याची पद्धत

मोबाइलवरून येणार असाल, तर गूगल मीटचे ॲप आदल्या दिवशीच घेऊन ठेवावे आणि त्यात आपल्या गूगल खात्याने प्रवेश केलेला आहे ना, हे पाहावे. रविवारी वरच्या लिंकला स्पर्श केला की ॲप उघडेल. संगणकावर कोणतेही ॲप लागत नाही. लिंक ब्राउझरमध्ये उघडली की पुरते. ज्यांचे व्हॉट्सॲप फोनवर आणि बैठक संगणकावर, अशी स्थिती असेल त्यांनी संगणकावर meet.google.com उघडून तेथील चौकटीत tqv-hmke-rsw हा संकेत टाइप करावा. त्यात एकही अंक नाही, सर्व लहान इंग्रजी अक्षरे आहेत.

पहिल्यांदा लिंक उघडताना मायक्रोफोन व कॅमेरा वापरण्याची परवानगी मागितली जाते. तेथे घाईत नकार दिला गेला, तर आपल्याला सर्वांचे ऐकू येते पण आपला आवाज कोणालाच जात नाही, आणि मग बैठकीची पहिली पाच मिनिटे "आवाज येतोय का?" यातच जातात. म्हणून तेथे "Allow" निवडावे. आत येण्यापूर्वी आपला चेहरा दिसणारा एक पडदा येतो. माइक व कॅमेरा चालतो की नाही, हे त्याच पडद्यावर तपासून घ्यावे.

त्यानंतर "Join now" किंवा "Ask to join" यांपैकी एक बटण दिसेल. दुसरे बटण दिसले, तर काही बिघडलेले नाही. ते एकदाच दाबून थांबावे. विनंती माझ्याकडे येते आणि मी आत घेतो. गूगल खात्याशिवाय संगणकावरून येणाऱ्यांना नाव विचारले जाते, तेथे आपले पूर्ण नाव लिहावे. मागच्या बैठकीत "माझा लॅपटॉप" आणि "बाबा" अशा दोन नावांच्या विनंत्या आल्या होत्या, आणि आपल्या गटात बाबा बरेच असल्याने त्यांना आत घ्यायला मला वेळ लागला.

मी बैठक ६ वाजून ५० मिनिटांनी सुरू करणार आहे. त्यापूर्वी कृपया कोणीही लिंक उघडून आत येऊ नये. यामागे कारण आहे. आपण विनाशुल्क खाते वापरतो आणि त्यात तीन किंवा अधिक जणांच्या बैठकीला ६० मिनिटांची मर्यादा असते, म्हणजे लवकर सुरुवात झाली तर शेवटच्या विषयाची मिनिटे कापली जातील. माझी विनंती इतकीच, की ६:५० ते ७ या दहा मिनिटांत सर्वांनी यावे. मध्येच नेटवर्क तुटले, तर त्याच लिंकने परत यावे. नवी लिंक मागू नये, कारण नवी लिंक नसेलच.

आत आल्यावर माइक बंद ठेवावा आणि बोलायचे असेल तेव्हा हात वर करण्याचे चिन्ह दाबावे. एकाच खोलीतून दोघे जण दोन फोनवर येणार असतील, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमधून परत फिरतो. अशा वेळी दोघांनी एकच फोन वापरावा किंवा हेडफोन लावावेत.

बैठकीपुढील विषय

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा विषय पृष्ठसंख्येचा आहे. त्यासाठी २० मिनिटे ठेवली आहेत. छपाईचा फर्मा १६ पानांचा असल्यामुळे आपल्यासमोर ९६ पाने, म्हणजे सहा फर्मे, किंवा ११२ पाने, म्हणजे सात फर्मे, असे दोनच व्यवहार्य पर्याय आहेत. आजवर आलेला मजकूर मांडून पाहिला तर तो १०३ पानांचा होतो. म्हणजे सात पाने कमी करायची की नऊ पाने वाढवायची, हा खरा प्रश्न आहे. माझे मत कमी करण्याच्या बाजूचे आहे, कारण भरतीसाठी मागवलेला मजकूर भरतीसारखाच वाचला जातो. मात्र ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी वाढीव नऊ पानांत काय घ्यायचे, हे नेमके ठरवून यावे.

दुसरा विषय छायाचित्रांचा, १५ मिनिटे. आलेल्यांपैकी बरीच छायाचित्रे व्हॉट्सॲपवर साधी पाठवल्यामुळे आकाराने लहान झाली आहेत. छपाईसाठी ३०० डीपीआय धरले, तर ६ इंच रुंदीच्या छायाचित्राला १,८०० पिक्सेल रुंदी लागते. मूळ फाइल "Document" म्हणून पुन्हा कोणी पाठवायची, जुन्या कागदी छायाचित्रांचे स्कॅनिंग कोणी करायचे आणि छायाचित्रांखालील ओळींतील नावे कोणी पडताळायची, हे ठरवू.

उरलेल्या दहा मिनिटांत मुद्रितशोधनाची वाटणी करू. प्रत्येक लेख लेखकाखेरीज अन्य दोघांनी वाचावा, असा प्रस्ताव आहे. मुखपृष्ठाचा विषय या बैठकीत घेतला जाणार नाही.

मजकुराची अनुक्रमणिका शुक्रवार, १६ जानेवारी रोजी रात्री याच गटात पीडीएफ स्वरूपात येईल. ती वाचून यावे. ज्यांना रविवारी येणे शक्य नाही, त्यांनी पृष्ठसंख्येविषयीचे आपले मत शनिवारी रात्री ९ पर्यंत गटात दोन ओळींत लिहावे, म्हणजे ते बैठकीत वाचून दाखवता येईल आणि निर्णयात धरता येईल. बैठकीचे ध्वनिचित्रमुद्रण होणार नाही. निर्णयांची टिपणे सोमवारी सकाळी गटात दिली जातील.

संदेश वाचून झाल्यावर येणार असाल तर अंगठ्याचे चिन्ह द्यावे, स्वतंत्र उत्तर लिहू नये.

आपला,
निमंत्रक, स्मरणिका समिती