विषय: कराराचा मसुदा – सहीपूर्वी बदलायची कलमे

नमस्कार मीनल मॅडम,

ॲपच्या डिझाइनच्या कामासाठी तुम्ही पाठवलेला मसुदा वाचला. तो नेमणूकपत्रावरून तयार केलेला दिसतो. वर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ लिहिले आहे, पण आतली बरीच कलमे नोकरदारासाठीची आहेत. यात माझ्याइतकाच कंपनीलाही धोका आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी कलम 4. सकाळी 10 ते 6 ऑनलाइन राहणे, रोजची हजेरी, रजेला मंजुरी. काम कधी आणि कसे करायचे हे कंपनी ठरवू लागली, की कागदावर नाव काहीही असो, अनेक देशांत कायदा त्याला नोकरी मानू शकतो. तसे ठरले तर मागचा कर, भविष्य निर्वाह निधीसारखी देणी आणि दंड कंपनीच्या अंगावर येऊ शकतो. त्याऐवजी काय हवे आणि कधी हवे तेवढे लिहूया: ॲपच्या 24 स्क्रीनचे डिझाइन, तीन टप्पे, प्रत्येक टप्प्यात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. आठवड्यातून एक ठरलेली बैठक मला चालेल.

कलम 9 मात्र तुमच्याच विरुद्ध जाते. त्यात फक्त ‘नोकरीत केलेले काम कंपनीचे’ एवढेच आहे. कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून जे केले त्याचा कॉपीराइट सहसा आपोआप मालकाकडे जातो. कंत्राटदाराचे तसे नसते. लेखी हस्तांतर नसेल तर अनेक ठिकाणी हक्क काम करणाऱ्याकडेच राहतात, बिल चुकते झाले तरीही. म्हणून स्पष्ट लिहा: शेवटचे बिल पूर्ण मिळताच अंतिम डिझाइन आणि मूळ फाइल्सचे सर्व हक्क कंपनीला. विकत घेतलेले फॉन्ट आणि फोटो यात येत नाहीत, त्यांचे परवाने कंपनीच्या नावाने घ्यावे लागतील.

‘मासिक वेतन’ काढून टप्प्यानुसार बिल ठेवा: 30 टक्के आगाऊ, 40 टक्के दुसरा टप्पा मंजूर झाल्यावर, 30 टक्के शेवटी. प्रत्येक बिल 15 दिवसांत. माझा दर पगाराला 22 दिवसांनी भागून काढलेल्या आकड्यापेक्षा जास्त दिसेल, कारण लॅपटॉप, सॉफ्टवेअर, विमा, आजारपण आणि कामे नसलेले दिवस त्यातूनच भागतात. पगारी रजा आणि बोनस मी मागत नाही. कराची कपात नियमाप्रमाणे करा, बाकीचे विवरण माझे मी भरते.

‘दुसरीकडे काम करू नये’ हे कलम स्वीकारता येणार नाही, कारण माझे उत्पन्न एका ग्राहकावर चालत नाही. गोपनीयतेच्या कलमावर आनंदाने सही करेन. करार मोडायला 60 ऐवजी 14 दिवसांची लेखी सूचना पुरेशी आहे, पण तोपर्यंत झालेल्या कामाचे पैसे मिळावेत. तुमचा अभिप्राय 5 कामाच्या दिवसांत आला नाही, तर जितका उशीर होईल तितकीच पुढची तारीख सरकेल, हेही नमूद करा.

बदल सुचवलेली फाइल जोडली आहे. कलम 4 आणि 9 तुमच्या कायदेशीर सल्लागारांना जरूर दाखवा. गुरुवारपर्यंत कळवलेत तर सोमवारी पहिला टप्पा सुरू करता येईल.

आपली,
केतकी