गणनांची स्वतंत्र तपासणी: मार्कअप, सह्या आणि डिझाईनमधील बदलांची कार्यपद्धती

स्ट्रक्चरल विभाग, रत्नागिरी कार्यालय. आवृत्ती ३. अंमल १ ऑक्टोबर २०२५ पासून.

१. कशाला लागू

या कार्यालयातून साईटवर जाणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगमागच्या गणनेला ही पद्धत लागू आहे: जेट्टी, पूल, पाण्याच्या टाक्या, इमारती. शटरिंगखालचे स्टेजिंग आणि खोदाईचा आधार ही कामे तात्पुरती असली तरी तीही यात येतात. माणसे त्यांच्याखाली उभी राहतात.

२. चेकर कोण असावा

ज्याने त्या गणनेचे एकही पान लिहिलेले नाही, मॉडेल बांधलेले नाही आणि भार ठरवताना जो चर्चेत नव्हता, तोच चेकर. अनुभवाने तो डिझायनरच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा. डिझायनरच्या हाताखालच्या इंजिनिअरला त्याच कामाचा चेकर नेमू नये. साहेबांच्या पानावर लाल खूण करणे जड जाते आणि त्या संकोचाची किंमत बांधकामाला मोजावी लागते. नेमणूक मंजुरी देणारा वरिष्ठ इंजिनिअर करतो, डिझायनर नाही.

जेट्टी, पूल आणि उंच टाक्यांसाठी चेकरने स्वतःचे वेगळे मॉडेल बांधायचे. बाकी कामांत पानोपान तपासणी आणि निर्णायक भागांची हाताने केलेली स्वतंत्र गणना पुरे.

३. आधी स्वतःचे उत्तर, मग डिझायनरचे

चेकरला पहिल्यांदा फक्त मांडणीची ड्रॉइंग, माती तपासणीचा अहवाल, डिझाईन बेसिस आणि ग्राहकाचे पत्र मिळते. गणनेची फाईल मिळत नाही. एकूण उभा भार, आधारांवरील प्रतिक्रिया आणि निर्णायक बीम व पाइलमधील बले त्याने स्वतः काढायची, तारीख घालून सही करायची आणि मगच गणना उघडायची. डिझायनरचा आकडा आधी दिसला की मन तो बरोबर ठरवण्याची कारणे शोधू लागते. प्रतिक्रियांमध्ये ५ टक्क्यांहून आणि बलांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर तो कुठून आला हे सापडेपर्यंत पुढे जायचे नाही. दोन्ही उत्तरांची सरासरी कोणीही काढायची नाही.

डिझाईन बेसिसमध्ये आपल्या किनाऱ्यावर तीन गोष्टी हमखास निसटतात. चेकरने त्या सर्वांत आधी बघाव्यात.

पहिली, पातळी. जमिनीचा सर्व्हे सरासरी समुद्रपातळीवरून येतो, भरती-ओहोटीचे आकडे चार्ट डेटमवरून. चार्ट डेटम खाली असतो. दोन्ही आकडे एकाच पानावर, कोणत्या डेटमवरून ते न लिहिता आले, की जेट्टीच्या डेकची पातळीच चुकते. खाडीकाठच्या कामांत पुराची पातळी कुठल्या नोंदीवरून घेतली हेही लिहायचे. जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आत धरला आहे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय वाशिष्ठीकाठचे काम पुढे सरकू नये.

दुसरी, खाऱ्या हवेचे वर्गीकरण. आयएस ४५६:२००० नुसार किनाऱ्याच्या हवेत उघडा असलेला भाग 'सिव्हिअर', लाटांचे तुषार उडतात तो 'व्हेरी सिव्हिअर' आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला 'एक्स्ट्रीम'. नाममात्र कव्हर अनुक्रमे ४५, ५० आणि ७५ मिमी. आरसीसीसाठी किमान ग्रेड एम३०, एम३५ आणि एम४०. एकाच पाइलवर तिन्ही वर्ग येऊ शकतात.

तिसरी, वारा. समुद्राकडे उघड्या असलेल्या जागेसाठी आयएस ८७५ भाग ३ मधला भूप्रदेश वर्ग १ घ्यायचा. सवयीने वर्ग २ लिहिला जातो.

४. मार्कअप

पिवळा: तपासले, मान्य. लाल: चूक किंवा प्रश्न. निळा: डिझायनरचे उत्तर. हिरवा: चेकरने ते उत्तर पुन्हा बघून बंद केले. ज्या आकड्यावर कुठलाच रंग नाही, तो तपासलेला नाही असेच धरायचे. फक्त शेवटच्या उत्तरावर पिवळी रेघ ओढून पान संपवू नये. एकके, गुणक आणि आधीच्या पानावरून आणलेला प्रत्येक आकडा रंगला पाहिजे. पेन्सिल नाही, पांढरी शाई नाही.

लाल नोंदीत काय चुकले आणि कोणत्या कलमाने, हे लिहायचे. नवे डिझाईन लिहून द्यायचे नाही. चेकरने उत्तर सुचवले की ते उत्तर तपासायला तिसरा माणूस लागतो. मतभेद राहिला तर निर्णय मंजुरी देणाऱ्याचा, आणि त्याचे कारण त्याच पानावर, सहीसह. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे मार्कअप नव्हे.

चेक प्रिंटचे फाईलनाव असे: `JT-CAL-07_R2_CHK.pdf`

५. सह्या

डिझायनरची सही म्हणते: गणना माझी आहे आणि ड्रॉइंग तिच्याशी जुळते. चेकरची सही म्हणते: मी स्वतंत्र उत्तर काढले, प्रत्येक लाल नोंद हिरवी झाली. मंजुरीची सही म्हणते: गृहीतके या कामाला योग्य आहेत आणि चेकर खरोखर स्वतंत्र होता. सही पानांच्या यादीसह, आवृत्ती क्रमांकासह. सॉफ्टवेअर वापरले असेल तर इनपुट फाईलचे नाव आणि व्हर्जनसह. दुसऱ्याच्या वतीने सही नाही.

मे महिन्यात पावसाआधी स्लॅब ओतायची घाई असते, कंत्राटदाराचे फोन येतात, हे सर्वांना माहीत आहे. त्यासाठी तपासणी कमी होणार नाही. काम अडत असेल तर तपासून झालेला भाग, उदाहरणार्थ फक्त पाइल, वेगळ्या सह्यांनी सोडावा आणि उरलेल्या भागावर ड्रॉइंगमध्ये ठळक 'होल्ड' लिहावे.

६. डिझाईनमधील बदल

सही झाल्यानंतरचा प्रत्येक बदल त्याच वाटेने परत येतो: डिझायनर, चेकर, मंजुरी. कॅन्सस सिटीतील हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी टांगते पूल कोसळून ११४ माणसे गेली. मूळ तपशिलात वरचा आणि खालचा पूल एकाच अखंड सळईला लटकत होते. बांधणी सोपी व्हावी म्हणून तिच्या दोन सळया झाल्या आणि वरच्या पुलाच्या नटवर दोन्ही पुलांचा भार आला. त्या बदलाची गणना कोणी केली नाही.

आपल्याकडे तो बदल साध्या फोनने येतो: "२० ची सळई आली नाही, १५० ऐवजी १०० वर १६ ची टाकू का?" २० मिमी १५० वर म्हणजे मीटरला २०९४ चौमिमी, १६ मिमी १०० वर म्हणजे २०११. चार टक्के कमी. चालेलही, पण ते गणना सांगेल. फोनवर होकार देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

बदल नोंदवहीत नोंद कशी असावी, त्याचा नमुना:

> बदल क्र. १४. जेट्टी, बीम बी३, आवृत्ती आर१ वरून आर२.
> कारण: सुधारित पातळ्यांनुसार बीमचा तळ भरती-ओहोटीच्या पट्ट्यात येतो. कव्हर ५० ऐवजी ७५ मिमी.
> परिणाम: ६०० मिमी बीमची प्रभावी खोली ५२७.५ वरून ५०२.५. लागणारे स्टील २०९० वरून २२३२ चौमिमी. दिलेले ५ नग २५ मिमी, २४५४, पुरेसे. ४०० मिमी रुंदीत सळयांमधील अंतर ३९ वरून २६ मिमी. किमान २५ असल्याने नियमात बसते, पण काँक्रीट उतरायला फार अरुंद. रुंदी ४५० केली, अंतर पुन्हा ३९. स्ववजन मीटरला ०.७५ किलोन्यूटनने वाढले. बीम आणि पाइल पुन्हा तपासले. तड्याची रुंदी पुन्हा तपासली.
> बाधित ड्रॉइंग: डेक आराखडा, बीम तपशील, सळई वेळापत्रक.

कव्हर बदलले म्हणून रुंदी, रुंदी बदलली म्हणून पाइल. 'परिणाम' या रकान्यात "काही नाही" लिहायचे असेल तर तेही गणनेने दाखवावे. ड्रॉइंगवर बदलाभोवती ढग आणि आवृत्तीचा त्रिकोण काढायचा. जुनी प्रत साईटवरून परत मागवून तिच्यावर 'रद्द' शिक्का मारायचा. ती परत आल्याची तारीख नोंदवहीत लिहीपर्यंत बदल उघडाच राहतो.

७. जतन

चेकरची स्वतंत्र गणना, रंगीत चेक प्रिंट, सह्यांचे पान आणि बदल नोंदवही एकाच फोल्डरमध्ये, बांधकाम उभे असेपर्यंत. चेक प्रिंट रंगीतच स्कॅन करावी. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. कागदी प्रती पावसाळ्यात जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नयेत. स्कॅनची दुसरी प्रत कार्यालयाबाहेर ठेवावी, दर शुक्रवारी.