दाढीची पेटी: फादर्स डे, २१ जून २०२६

या पेटीवर आम्ही मिशीचे चित्र छापलेले नाही, आणि ‘बाबा म्हणजे वरून काटेरी, आतून गोड फणस’ हे वाक्यही तुम्हाला कुठे सापडणार नाही. तुमचे वडील कडक आहेत की हळवे, हे तुम्हाला आमच्यापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक आहे. आम्हाला ठाऊक आहे ती दाढी, आणि ती प्रत्येक माणूस वेगळ्या पद्धतीने करतो.

म्हणून पेटी मागवण्यापूर्वी एखाद्या सकाळी त्यांच्याकडे जरा लक्ष द्या. फेस ते ब्रशने करतात की बोटांनी गालावर चोळून? पाते केसांच्या वाढीच्या दिशेने फिरते की उलटे? दाढी झाल्यावर हात तुरटीकडे जातो, की टॉवेलने तोंड पुसले की काम संपले? कानाच्या पाळीखाली राहिलेला फेसाचा ठिपका घेऊनच ते चहाला बसत असतील, तर तेही पाहून ठेवा. आमच्याकडे त्यावर इलाज नाही.

पेटीत पहिला आहे तो १०० ग्रॅमचा, मंद वाळ्याच्या वासाचा दाढीचा साबण. तो स्टीलच्या झाकणबंद वाटीत घातलेला आहे, कारण ओल्या हातातून काच निसटते. कोमट पाण्यात बुडवून झटकलेला ब्रश साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवला की दाट फेस येतो. तो गालावर लावून दोन-तीन मिनिटे थांबल्यास केस पाणी शोषून मऊ होतात आणि पाते ओढत नाही. घाईच्या सकाळी ही दोन मिनिटेच आधी गाळली जातात, आणि पुढची बरीचशी आग त्यामुळेच होते. ब्रशचे केस कृत्रिम आहेत. ते लवकर वाळतात, आणि जूनच्या दमट हवेत ही गोष्ट लहान नाही. ब्रश केस खाली करून टांगता यावा म्हणून सोबत एक आकडा दिला आहे.

तुरटीचा खडा आम्ही आधुनिक दिसण्याच्या नादात वगळला नाही. तुरटीने कातडी आकसते आणि बारीकशा कापातून येणारे रक्त थांबते. मात्र तीच तुरटी त्वचा कोरडीही करते, म्हणून ती लावल्यावर अर्ध्या मिनिटाने चेहरा धुवावा आणि मग पेटीतले बिनवासाचे मलम लावावे. वय वाढते तशी त्वचा पातळ आणि कोरडी होत जाते, तेव्हा साठीच्या पुढच्या वडिलांना या पेटीतली सर्वांत उपयोगाची वस्तू बहुधा हे मलमच ठरेल. शेवटची वस्तू म्हणजे मिशीची बोथट टोकाची छोटी कात्री.

रेझर आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही. वर्षानुवर्षे वापरलेल्या रेझरचे वजन आणि कोन हाताला पाठ झालेले असतात. ते भेट म्हणून बदलायला लावणे म्हणजे सोय करायला जाऊन गैरसोय करण्यासारखे आहे. वडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर लहान कापातूनही रक्त जास्त वेळ येऊ शकते. त्यांच्यासाठी पात्यापेक्षा विजेचा ट्रिमर बरा, आणि तो आमच्याकडे मिळत नाही. हात थरथरतो म्हणून ज्यांची दाढी आता मुलगा, मुलगी किंवा सून करते, त्यांच्या घरी मात्र ही पेटी चांगली उपयोगी पडेल, कारण दाट फेसात पाते कुठवर फिरले आहे ते करणाऱ्याला स्पष्ट दिसते.

दर रविवारी ठरलेल्या सलूनमध्ये, ठरलेल्या खुर्चीवर, गावभरच्या गप्पा ऐकत दाढी करून घेणारे वडील असतील, तर ही पेटी घेऊ नका. यंदा २१ जून रविवारीच आहे, तेव्हा त्यांच्यासोबत जा आणि त्या दिवशीचे पैसे तुम्ही द्या. ज्यांनी दाढी राखली आहे त्यांच्यासाठी साबण आणि ब्रशऐवजी दाढीचे तेल आणि लाकडी कंगवा घातलेली दुसरी पेटी आहे. मागणी नोंदवताना ‘दाढी राखतात’ हा पर्याय निवडावा.

पेटीतले कार्ड कोरे आहे. त्यावर तुम्ही चार ओळी लिहाल किंवा ‘आता तो जुना ब्रश टाका’ एवढेच लिहाल, दोन्ही चालेल. सासरे, काका, मामा, आजोबा, किंवा ज्यांनी तुम्हाला वाढवले पण ज्यांना तुम्ही बाबा म्हणत नाही, त्यांच्यासाठीही हेच कार्ड चालते.

दोन्ही पेट्यांची किंमत प्रत्येकी १,१८० रुपये असून त्यात सर्व कर धरलेले आहेत. साबण संपल्यावर त्याच वाटीत बसणारी वडी २४० रुपयांना मिळते. महाराष्ट्र आणि गोव्यात पेटी घरपोच पाठवण्याचा वेगळा खर्च नाही. पावसात वाहतूक रेंगाळते, म्हणून १४ जूनपर्यंत मागणी नोंदवावी. न उघडलेली पेटी ३० जूनपर्यंत परत घेतली जाईल.