विषय: थेट व्यवस्थापकांच्या वर्तणुकीबाबत तक्रार (गोपनीय)

दिनांक: 21 जुलै 2025

मा. मनुष्यबळ विभाग प्रमुख,
सप्रेम नमस्कार.

मी लेखा विभागात चार वर्षांपासून काम करते. माझे थेट व्यवस्थापक माझ्याशी आणि आमच्या टीममधल्या काही जणांशी गेले दोन महिने ज्या पद्धतीने वागत आहेत, त्याबद्दल हा मेल आहे. कृपया तो त्यांना किंवा आमच्या विभागातल्या कोणालाही पुढे पाठवू नये. चौकशीसाठी काही बाब त्यांच्यासमोर मांडावी लागलीच, तर मला आधी कळवावे.

3 जूनच्या आढावा मिटिंगमध्ये आम्ही अकरा जण होतो. मी तयार केलेल्या मासिक अहवालात एक आकडा चुकला होता. एरवी मला अहो-जाहो करणारे व्यवस्थापक सर्वांसमोर एकेरीवर आले आणि म्हणाले, "तुला हिशेब जमत नसेल तर घरी बस." तो आकडा त्यांनीच 30 मे रोजी पाठवलेल्या फाइलमधला होता. मिटिंगनंतर मी त्यांना तो मेल दाखवायला गेले, तर "मेल-बिल मला दाखवू नको" म्हणून त्यांनी विषय संपवला. चूक दाखवण्याला माझी हरकत नाही. मला लागले ते बोलण्याच्या पद्धतीने.

19 जूनला संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास त्यांनी आमच्या चौघांना सांगितले, "पंच आउट करून या, मग बसा. जादा तास दिसायला नकोत." मी 6.32 ला पंच केले आणि परत जागेवर येऊन बसले. ताळेबंदाचे काम संपवून 9.04 ला त्यांनाच मेल केला आणि त्यानंतर निघाले. 24, 26 आणि 30 जूनलाही हेच घडले. हजेरीची नोंद आणि माझ्या मेलच्या वेळा शेजारी ठेवल्या तर फरक लगेच दिसेल. हा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण यात आमच्याच हाताने खोटी नोंद होत आहे. पहिल्याच दिवशी मी नाही म्हणायला हवे होते, हे मला मान्य आहे.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी 10 आणि 11 जुलैची रजा मागितली होती. ती 25 जूनला सिस्टिमवर मंजूर झाली. 8 जुलैला दुपारी ती कारण न देता रद्द झालेली दिसली. विचारल्यावर उत्तर मिळाले, "आईला दुसरं कोणी नाही का?" ऑपरेशनची तारीख बदलणे शक्य नव्हते, म्हणून तसे लेखी कळवून मी 10 तारखेला गेले आणि 11 ला कामावर हजर झाले. 10 तारखेपुढे आता "विनापरवानगी गैरहजर" असा शेरा आहे.

14 जुलैची घटना माझ्याबाबतीतली नाही, पण ती माझ्या डोळ्यांसमोर घडली. एका नव्या सहकारी मुलीची व्हाउचर त्यांनी टेबलावर फेकली. कागद खाली पसरले. ती टेबलाखाली वाकून एकेक कागद गोळा करत होती आणि वरून त्यांचे बोलणे चालूच होते. तिच्या परवानगीशिवाय मी तिचे नाव देणार नाही. तिला बोलायचे असेल तर ती स्वतः येईल. इतरांकडून कानावर आलेल्या गोष्टी मी इथे मुद्दाम लिहिलेल्या नाहीत.

17 जुलैला मी त्यांच्याशी समोरासमोर बोलले. रजेचा शेरा आणि पंचिंग हे दोनच विषय काढले. "जमत नसेल तर बदली माग," एवढेच ते म्हणाले. हेही नमूद करायला हवे की सुरुवातीची तीन वर्षे याच व्यवस्थापकांनी मला काम शिकवले आणि त्या काळातली माझी एकही तक्रार नाही. त्यांचे नुकसान व्हावे असा माझा हेतू नाही. हे थांबावे, एवढेच हवे आहे.

माझी विनंती अशी की या प्रकरणाची निःपक्षपाती चौकशी व्हावी. पगाराची हजेरी 25 तारखेला बंद होते, त्याआधी 10 जुलैचा शेरा तपासून दुरुस्त करावा. जूनमधल्या त्या चार दिवसांचे खरे तास नोंदले जावेत. सप्टेंबरमधले माझे वार्षिक मूल्यमापन चौकशी पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे. तक्रार केली म्हणून माझ्या किंवा पंच आउट करून माझ्यासोबत बसलेल्या त्या तिघांच्या कामावर परिणाम होणार नाही, याची लेखी हमी मिळाली तर तेही मोकळेपणाने बोलतील असे मला वाटते.

30 मेचा मेल, रजेच्या मंजुरीचा आणि रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट, 9 जुलैचे माझे लेखी कळवणे आणि त्या चार दिवसांचे माझे मेल सोबत जोडले आहेत. 3 जूनच्या मिटिंगला हजर असलेल्यांची यादी मी प्रत्यक्ष भेटीत देईन.

माझी जागा व्यवस्थापकांच्या केबिनसमोरच आहे, त्यामुळे कृपया डेस्कच्या फोनवर संपर्क करू नये. आपल्या नोंदीत असलेल्या माझ्या वैयक्तिक क्रमांकावर संध्याकाळी सातनंतर फोन करावा. भेटीसाठी बुधवारी किंवा गुरुवारी जेवणाच्या सुटीत मी येऊ शकते.

आपली विश्वासू,
वरिष्ठ लेखा सहायक, लेखा विभाग