आजची नोंद: मंगळवार, संध्याकाळी ५:४०

१,३८६ किलोकॅलरी पोटात गेल्या
उद्दिष्ट २,००० · उरल्या ६१४
खरा आकडा बहुधा १,२५० ते १,५२० च्या दरम्यान

प्रोटीन: ७५ / ११० ग्रॅम · अजून ३५
कार्ब्स: १५९ / २५५ ग्रॅम · अजून ९६
फॅट: ५० / ६० ग्रॅम · अजून १०

कॅलरींमधला वाटा: प्रोटीन २२%, कार्ब्स ४६%, फॅट ३२%
ठरवलेला वाटा: २२%, ५१%, २७%

सकाळ, ४७३
उकडलेली अंडी २: १५५
ओट्स ५० ग्रॅम, कोरडे वजन: १८७
दूध २०० मिली: १३१

दुपार, ६२७
भात २५० ग्रॅम, शिजल्यावरचे वजन: ३१७
चिकन १०० ग्रॅम, भाजलेले: १६०
भाजी १ वाटी: १५० ⚠ अंदाजाने

संध्याकाळ, २८६
बदाम २८ ग्रॅम: १७४
केळं १: ११२

[नोंद जोडा] [दुरुस्त करा]

हे आकडे किती खरे?

प्रोटीन आणि कार्ब्सच्या दर ग्रॅमला ४ आणि फॅटच्या दर ग्रॅमला ९ किलोकॅलरी, असा आमचा हिशोब आहे. हे सरासरी आकडे आहेत, प्रत्येक पदार्थाला तंतोतंत लागू पडत नाहीत. बदामाचंच बघा. या हिशोबाने २८ ग्रॅमच्या १७४ होतात. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना बदाम खायला देऊन प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा शरीराला सुमारे १२९ च मिळाल्या. बदामाच्या पेशींच्या भिंती नीट फुटत नाहीत, आत अडकलेलं फॅट न पचताच बाहेर जातं.

भाजीची चूक उलट्या दिशेने होऊ शकते. वाटीत १० ग्रॅम फॅट आम्ही धरलं आहे. फोडणीतलं एक टेबलस्पून तेल जास्त तुमच्या वाटणीला आलं असेल तर १४ ग्रॅम फॅट आणि जवळपास १२० किलोकॅलरी वाढतात. म्हणजे वर दिसणारे "अजून १०" तिथेच संपले. आजच्या नोंदीत सगळ्यात कच्चा आकडा हाच, म्हणून त्याला खूण केली आहे. पुढच्या वेळी तेल कढईत घालण्याआधी मोजा आणि तुमच्या वाट्याचं लिहा. बाकी काही मोजलं नाही तरी चालेल, तेल मात्र मोजाच.

भात, ओट्स, डाळींची नोंद करताना वजन कच्चं की शिजलेलं ते नक्की निवडा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३६० किलोकॅलरी असतात, शिजलेल्या भातात साधारण १३०. इथे चूक झाली तर आकडा जवळजवळ तिप्पट होतो.

घड्याळाने सांगितलेल्या "जाळलेल्या" कॅलरी आम्ही उरलेल्यांत मिळवत नाही. २०१७ साली तपासलेल्या सात मनगटी उपकरणांपैकी सर्वात चांगलं उपकरणही सरासरी २७% चुकलं होतं.

खाल्लेलं उद्दिष्टाच्या ५० किलोकॅलरी वर गेलं तर पट्टी लाल होणार नाही. एवढा फरक आमच्या मोजमापाला ओळखताच येत नाही. सात दिवसांची सरासरी आणि वजनाचा कल शेजारच्या "आठवडा" टॅबमध्ये आहेत. उद्दिष्ट बदलायचं असेल तर ते पाहून बदला.