कांदा ड्रायर: आधी ६ लाख, मग ४० लाख का नाही, याचं झाड

दादा, भाऊजी, परवा ओट्यावर तासभर वाद झाला आणि शेवटी चहा पिऊन उठलो, म्हणून सगळं आकड्यात मांडलंय. प्रश्न एकच आहे: सुक्या कांद्याचा ४० लाखांचा प्लांट आत्ताच टाकायचा, का आधी एक हंगाम ६ लाखांचा छोटा सोलर ड्रायर चालवून बघायचा. मार्च ते मे ट्रायल, आणि चाललं तर मोठा प्लांट पुढच्या हंगामाला, म्हणजे एक वर्ष उशिरा.

गृहीत काय धरलंय ते आधी. धंदा चालला तर पाच वर्षांत हातात येणारा पैसा आजच्या किमतीत ८० लाख, नाही चालला तर मशिनरी विकून-बिकून १० लाख. चालण्याची शक्यता निम्मी, कारण आपल्यापैकी कुणालाच खरं माहीत नाही. ट्रायल १० पैकी ८ वेळा खरं बोलेल असं धरलंय. एक वर्ष उशिराचे पैसे १.१२ ने भागून आजच्या किमतीत आणलेत. [ ] म्हणजे आपला निर्णय, ( ) म्हणजे बाजार ठरवणार. आकडे लाखात.

```
[१] आज काय करायचं?
├─ काहीच नाही ............................ ०
├─ ४० आत्ताच ─( )
│    ├─ ५०% चाललं    ८०−४० = +४०
│    └─ ५०% फसलं     १०−४० = −३०
│         सरासरी = +५
└─ ट्रायल (−६) ─( )
     ├─ ५०% पास ─[२] ४० टाकायचे?
     │    ├─ हो: ८०%×८० + २०%×१० − ४० = २६
     │    │      आजच्या किमतीत २३.२
     │    └─ नाही: ड्रायर विकून १.८
     └─ ५०% नापास ─[३] ४० टाकायचे?
          ├─ हो: २०%×८० + ८०%×१० − ४० = −१६
          └─ नाही: ड्रायर विकून १.८
     सरासरी = ५०%×२३.२ + ५०%×१.८ − ६ = +६.५
```

म्हणजे सरासरीत ट्रायल फक्त दीड लाखांनी पुढे, दादा म्हणतो तसा "डोंगराएवढा फरक" नाहीये. पण भाऊजी, आत्ताच टाकले तर ३० लाख बुडायची शक्यता निम्मी आहे. ट्रायलमध्ये नापास झालो तर साधारण सव्वाचार लाख जातात आणि विषय संपतो. पास होऊनही पुढे फसलो तर जवळपास ३३ लाखांचा फटका आहेच, फक्त त्याची शक्यता १० टक्के. जमीन गहाण न ठेवता आपण ८ लाखांच्या वर सोसू शकत नाही हे तुम्हीच दोघं म्हणालात, त्यामुळे माझं मत ट्रायल.

आता खरी गोम. ट्रायल ८० ऐवजी ७० टक्केच खरं बोलली तर तिची सरासरी ३.४ वर येते, म्हणजे ती न करता थेट टाकलेलं बरं. ७५ टक्क्यांच्या आसपास हिशोब पलटतो. म्हणून ट्रायलने आपल्याला फसवू नये यासाठी पास-नापास आत्ताच ठरवूया, मे महिन्यात उकाड्यात डोकं तापलेलं असताना नाही.

पास म्हणजे तिन्ही गोष्टी. साल काढलेल्या १० किलो कांद्यातून किमान १ किलो सुका माल निघाला पाहिजे, ओलावा ५ टक्क्यांच्या आत, बाहेरच्या लॅबचा कागद हवा. नात्यातले नसलेले दोन गिऱ्हाईक दुसऱ्यांदा ऑर्डर देतील आणि ४५ दिवसांत पैसे देतील, मामाच्या दुकानात गेलेला माल मोजायचा नाही. आणि सुक्या मालाच्या किलोमागे ४० रुपये सुटले पाहिजेत, तेही ओला कांदा १५ रुपये किलो धरून, आपल्याला ८ ने मिळाला असला तरी. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि मे २०२४ ला उठली, तेव्हा लासलगावात भाव कसा पडला ते आठवा. तशा वर्षात ट्रायल केली तर कोणीही पास होईल आणि पुढच्या वर्षी कांदा महागला की प्लांट बसून राहील.

दोन झाल्या आणि एक राहिली तर नापास. "जवळपास झालंच की" ही फांदी झाडात नाही, दादा, हे खास तुझ्यासाठी.

सबसिडी मुद्दाम धरली नाही. केंद्राच्या पीएमएफएमई योजनेची ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख मिळाली, आणि ती मोठ्या प्लांटच्या खर्चातून वजा केली तर थेट टाकण्याची सरासरी १५ आणि ट्रायलची ११ होते, म्हणजे उत्तरच उलटं. पण बुडालो तर तरीही २० लाख जातात, आणि तीही निम्म्या शक्यतेनं. आपली सोसायची हद्द ८ आहे, २० नाही. नापास झालो तर मात्र सबसिडी धरूनही मोठा प्लांट ६ लाख तोट्यातच, तिथे निर्णय बदलत नाही.

हिशोबाची वही वहिनीकडे राहील, ३० जूनला ती उघडून वहिनीच पास का नापास सांगेल, आपण तिघं नाही. तुमचे आकडे वेगळे असतील तर बुधवारपर्यंत सांगा, गुरुवारी ड्रायरवाल्याला ५० हजार अॅडव्हान्स द्यायचाय.